बेटकुळीच्या मागे

उजव्या हातात पाच किलोचं डंबेल घ्यावं, दंड बरगड्यांना टेकवून ठेवावा आणि डाव्या हाताची बोटं उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला अलगद लावावीत. मग कोपर दुमडत डंबेल सावकाश खांद्याकडे न्यावं. पुढच्या बाजूला बेटकुळी फुगते आणि कडक होते. मागे, बोटांखाली, मांस मात्र मऊच राहतं. आता डंबेल खाली ठेवून रिकामी मूठ आवळावी आणि पैलवान दंड दाखवतात तसा सगळा हात ताणून धरावा. या वेळी पुढचा आणि मागचा, दोन्ही स्नायू टणक लागतात. म्हणजे मागचा स्नायू पुढच्याबरोबर आखडू शकतो. तरीही डंबेल उचलताना तो आखडत नाही.

व्यायामशाळेत बायसेप्स कर्ल मारणाऱ्याचं सगळं लक्ष आरशातल्या बेटकुळीकडे असतं, ते साहजिकच आहे. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स त्या वेळी नुसता विसावलेला आहे, असंच कुणालाही वाटेल. पण तो आपण होऊन गप्प बसलेला नसतो. मानेच्या मणक्यांमधून जाणाऱ्या मज्जारज्जूत त्याला क्षणोक्षणी थोपवून धरलं जात असतं. या थोपवण्याला परस्पर अवरोध किंवा रेसिप्रोकल इन्हिबिशन म्हणतात. फिजिओथेरपीच्या दवाखान्यापासून योगवर्गापर्यंत या तत्त्वाचा हवाला दिला जातो. कधी तो अगदी बरोबर असतो, कधी निम्माच बरोबर.

स्नायूला एकच काम जमतं, आखडण्याचं. दोरीने ओढता येतं, ढकलता येत नाही, तसंच त्याचं आहे. बायसेप्स आणि त्याच्या खाली दडलेला ब्रेकियालिस आखडले की कोपर दुमडतं. ते ताकदीने सरळ करायचं तर हाडाला दुसऱ्या बाजूने ओढणारा कुणीतरी लागतो, आणि तो म्हणजे ट्रायसेप्स. शरीरातल्या बहुतेक सांध्यांवर अशा विरोधी जोड्या आहेत. मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतो, मागचे हॅमस्ट्रिंग तो दुमडतात. नडगीच्या बाजूचा स्नायू पाऊल वर उचलतो, पोटरी ते खाली दाबते. जोडीपैकी कामावर असलेल्या स्नायूला अॅगोनिस्ट म्हणतात आणि त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूला अँटॅगोनिस्ट. ही नावं कुणाला कायमची चिकटलेली नाहीत, काम बदललं की तीही बदलतात.

ट्रायसेप्सने कर्लमध्ये अंग काढून घेणं किती गरजेचं आहे, ते थोड्या हिशेबाने कळतं. कोपर काटकोनात असताना डंबेल कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटर दूर असतं. बायसेप्सची कंडरा मात्र कोपरापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर हाडाला चिकटलेली असते. तरफेच्या नियमाने ५ किलोचं डंबेल पेलायला स्नायूला जवळजवळ ४४ किलोच्या वजनाएवढा जोर लावावा लागतो. त्यात हाताच्या स्वतःच्या वजनाचा भार मिळवला की कोपर दुमडणाऱ्या स्नायूंवर सुमारे ५० किलोचा ताण येतो. आता ट्रायसेप्सने त्याच वेळी मागून २० किलोच्या जोराने ओढलं असं धरू. त्याची तरफ आखूड, साधारण २ सेंटिमीटरची, म्हणून ते ओढणं निष्फळ करायला बायसेप्सच्या बाजूला आणखी १० किलो जोर लागेल. डंबेल तेवढंच, उचलायची उंचीही तेवढीच, पण दोन्ही बाजूंच्या ओढाताणीत कोपराचा सांधा ३० किलोच्या जादा भाराने दाबला जाईल. हाती मात्र काहीच लागणार नाही.

इथे एक अडचण आहे. कोपर दुमडताना ट्रायसेप्स ताणला जातो, आणि ताणला गेलेला स्नायू सहसा आखडतो. हा त्याचा अंगभूत गुण आहे. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारतात तेव्हा क्वाड्रिसेप्सची कंडरा किंचित दाबली जाते, स्नायू अगदी थोडा ताणला जातो आणि लगेच आखडतो, म्हणून पाय उडतो. मग कर्लमध्ये लांबत जाणारा ट्रायसेप्स असाच आखडून डंबेलला खाली का ढकलत नाही?

उत्तरासाठी स्नायूच्या आत डोकवावं लागतं. स्नायूतल्या नेहमीच्या तंतूंमध्ये, त्यांना समांतर, काही मिलिमीटर लांबीचे संवेदक विखुरलेले असतात, मधे फुगीर आणि टोकांना निमुळते. त्यांना स्पिंडल म्हणतात. स्नायूची लांबी किती आहे आणि ती किती वेगाने बदलते आहे, याची खबर ते मज्जारज्जूला सतत देत राहतात. ही खबर नेणारे चेतातंतू शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी आहेत. माणसात त्यांच्यातून संदेश सेकंदाला ६० मीटरच्या आसपास वेगाने धावतो. मज्जारज्जूत पोचल्यावर या तंतूला फाटे फुटतात. एक फाटा सरळ त्याच स्नायूला आखडवणाऱ्या चेतापेशींना जाऊन भिडतो. गुडघ्याचा झटका इथूनच येतो. दुसरा फाटा एका मधल्या, छोट्या चेतापेशीला जागं करतो, आणि ही मधली पेशी विरोधी स्नायूच्या चेतापेशींना गप्प करते.

या मधल्या पेशीचं महत्त्व असं की तिला फक्त थोपवणंच येतं. स्पिंडलचा संदेश स्वतः कुणालाच थांबवू शकत नाही, तो पुढच्या पेशीला चेतवू तेवढा शकतो. थांबवायचं असेल तर वाटेत ही पेशी हवीच. त्यामुळे चेतवण्याच्या वाटेवर एक जोड आहे आणि थोपवण्याच्या वाटेवर दोन, आणि अवरोध चेतवण्यापेक्षा जेमतेम मिलिसेकंदभर उशिरा पोचतो.

कर्लमध्ये ही मधली पेशी दोन ठिकाणांहून जागी होते. बायसेप्सच्या स्पिंडलकडून तिला संदेश येतात, आणि स्नायू आखडताना स्पिंडल सैल पडून मुकी होऊ नयेत म्हणून शरीर त्यांची टोकंही बरोबरीने आखडवत राहतं. दुसरा स्रोत याहून मोठा आहे. मेंदूकडून बायसेप्सला ‘आखड’ असा आदेश निघतो तेव्हा त्याच आदेशाची एक शाखा या मधल्या पेशीकडेही जाते. त्यामुळे हालचाल दिसायला लागण्याच्या किंचित आधीच ट्रायसेप्सचं दार बंद व्हायला लागलेलं असतं. तो ताणला जातो, त्याचे स्पिंडल ओरडतात, पण त्याच्या चेतापेशी तोवर इतक्या दाबून धरलेल्या असतात की त्या ओरडण्याने पेटत नाहीत.

हे सगळं उकललं ते चार्ल्स शेरिंग्टन या इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने. १८९३ पासून पुढची कित्येक वर्षं रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात विरोधी स्नायूंवरची त्याची टिपणं येत राहिली. गुडघ्याच्या झटक्याचा अभ्यास करताना त्याच्या लक्षात आलं की हॅमस्ट्रिंगकडून मज्जारज्जूकडे येणारी चेता उत्तेजित केली की पुढच्या क्वाड्रिसेप्सचा झटका मंदावतो. म्हणजे मागचा स्नायू पुढच्याला मज्जारज्जूमार्गे आवरतो.

पण यावर शंका घ्यायला जागा होती. विरोधी स्नायू खरोखर सैल सोडला जातो, की कामावरचा स्नायू जास्त ताकदवान असल्यामुळे त्याला नुसता मागे खेचतो? ही शंका शेरिंग्टनने माकडाच्या डोळ्यावरच्या एका प्रयोगाने मिटवली, आणि या विषयातला त्याच्याइतका देखणा प्रयोग दुसरा नसेल. डोळा फिरवणारे स्नायू तीन वेगवेगळ्या चेतांच्या ताब्यात असतात. शेरिंग्टनने डाव्या डोळ्याच्या त्यांतल्या दोन चेता कापल्या. आता त्या डोळ्याला आत, नाकाकडे, ओढणारं कुणीच उरलं नाही. बाहेर, कानाकडे, ओढणारा एकच स्नायू शाबूत राहिला आणि डोळा बाहेर वळून बसला. मग त्याने मेंदूचा असा भाग उत्तेजित केला की दोन्ही डोळे उजवीकडे वळावेत. उजवा डोळा वळला. डावा डोळाही बाहेरून सरकत मध्यापर्यंत आला. त्याला आत ओढणारा एकही स्नायू चालू नव्हता, म्हणजे बाहेर धरून ठेवणारा स्नायू सैल पडला, एवढंच त्याचं स्पष्टीकरण उरत होतं. मेंदूच्या एकाच आदेशात एका स्नायूला ‘आखड’ आणि दुसऱ्याला ‘सोड’ अशा दोन्ही सूचना असतात, हे त्यातून सिद्ध झालं. १९०६ साली आलेल्या त्याच्या ग्रंथात ही कल्पना मध्यवर्ती आहे, आणि १९३२ चं नोबेल पारितोषिक त्याला एडगर एड्रियनबरोबर विभागून मिळालं.

‘सोड’ ही सूचना पेशीला नेमकी कशी दिली जाते, हे कळायला मात्र १९५१ साल उजाडावं लागलं. शेरिंग्टनचा शिष्य जॉन एकल्स तेव्हा न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला होता. चेतापेशींमधला निरोप विजेच्या प्रवाहानेच जातो, रसायनाने नाही, असं तो अनेक वर्षं हिरिरीने मांडत आला होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म काचेची नळी मांजराच्या मज्जारज्जूतल्या एकेका चेतापेशीत घातली आणि विरोधी स्नायूची चेता उत्तेजित केली. पेशीच्या आतला विद्युतदाब आधीच ऋण असतो, तो आणखी ऋण झाला. एकल्सच्या विद्युत-सिद्धांतानुसार बदल उलट दिशेने व्हायला हवा होता. त्याने स्वतःचा सिद्धांत सोडून दिला. अवरोध रासायनिक असतो हे मान्य करून त्याच वाटेने तो पुढे गेला, आणि १९६३ च्या नोबेलचा एक वाटेकरी झाला. मज्जारज्जूतल्या त्या मधल्या पेशी ग्लायसीन नावाचं साधं अमिनो आम्ल सोडतात, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झालं. ग्लायसीन पोचलं की समोरच्या पेशीला पेटणं अवघड होतं.

हा ब्रेक निकामी झाला तर काय होतं, याचा दाखला आपल्या जंगलात उभा आहे. कोकणात आणि गोव्यात काजऱ्याची झाडं आढळतात. त्यांच्या चपट्या, गोल बिया म्हणजे कुचला. आयुर्वेदात त्या शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत, कारण त्यांच्यात स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं. स्ट्रिक्नीन ग्लायसीनच्या जागा अडवून बसतं. ‘सोड’ ही सूचना निघते, पण ऐकणारं कुणी उरत नाही. मग एखादा आवाज किंवा हलका स्पर्शही पुरतो, आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी पूर्ण ताकदीने आखडतात. धनुर्वातात निराळ्या वाटेने तेच घडतं. जखमेतल्या जंतूचं विष चेतातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत चढतं आणि त्या मधल्या पेशींना ग्लायसीन सोडूच देत नाही. दोन्ही बाजू सारख्याच पेटल्यावर जिथे जी बाजू बळकट, तिकडे सांधा जातो. जबडा मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी ताकदवान असतात, म्हणून दातखीळ बसते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंना भारी पडतात, म्हणून शरीर मागे कमानीसारखं वाकतं. शेरिंग्टनने १९०५ मध्ये ही दोन्ही विषं वापरून दाखवलं होतं की एरवी ज्या उत्तेजनाने स्नायू सैल पडतो, त्याच उत्तेजनाने तो विषबाधेत आखडतो.

निरोगी दंडाकडे परत येताना, व्यायामशाळेत सर्रास ऐकू येणारा एक समज तपासून पाहायला हवा. कर्लमध्ये डंबेल वर नेतो तो बायसेप्स आणि खाली आणतो तो ट्रायसेप्स, असं पुष्कळ जण सांगतात. वर जाताना बायसेप्स अॅगोनिस्ट, खाली येताना ट्रायसेप्स अॅगोनिस्ट, अशी ती जोडी समजायला सोपी वाटते. ती चूक आहे.

सुरुवातीचा बोटांचा प्रयोग पुढे चालू ठेवला तर हे लगेच कळतं. डंबेल खांद्यापाशी नेल्यावर चार आकडे मोजत सावकाश खाली आणावं. कोपर उलगडत असताना बोटांखालचा ट्रायसेप्स अजूनही मऊच असतो आणि पुढची बेटकुळी अजूनही कडक. डंबेलला खाली नेण्याचं काम गुरुत्वाकर्षण करतंय, त्याला कुणाच्या मदतीची गरज नाही. ते धाडकन खाली येऊ नये म्हणून त्याला आवरण्याचं काम बायसेप्सकडे आहे. तो आखडण्याचा जोर लावतच लांबत जातो. स्नायूंतली विद्युत हालचाल टिपणाऱ्या ईएमजी यंत्रावर हे स्वच्छ दिसतं. सावकाश कर्लच्या दोन्ही टप्प्यांत बायसेप्सची रेघ धडधडत असते आणि ट्रायसेप्सची जवळजवळ सपाट. अशा लांबत केलेल्या कामात स्नायू, आखडत उचलता येईल त्यापेक्षा जास्त वजन पेलू शकतो. त्यातच त्याच्या तंतूंची झीजही जास्त होते. पहिल्यांदा कर्ल मारणाऱ्याचा दंड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढच्या बाजूने दुखतो, मागच्या बाजूने नाही. खाली आणण्याचं काम ट्रायसेप्सने केलं असतं, तर त्यानेही कुरकुर केली असती.

याची उलट बाजू आपल्या जोरांमध्ये दिसते. जोर मारताना छाती खाली जाते तेव्हा कोपरं दुमडतात. कोपर दुमडणं हे बायसेप्सचं काम, म्हणून इथे तोच राबत असणार असं वाटेल. प्रत्यक्षात जमिनीकडे जाणाऱ्या शरीराला आवरून धरतो तो लांबत जाणारा ट्रायसेप्स, आणि वर उचलतो तोही ट्रायसेप्सच. बायसेप्स दोन्ही वेळा जवळपास मोकळा. म्हणून अॅगोनिस्ट ओळखताना सांधा कोणत्या दिशेला फिरतोय ते पाहून भागत नाही. भार सांध्याला कुठे ओढतोय आणि त्याला विरोध कोण करतंय, ते पाहावं लागतं. कर्लमध्ये ट्रायसेप्सवर काम यावं असं वाटत असेल तर डंबेलच्या जागी वरून येणारी केबल घेऊन ती खाली दाबावी. तेव्हा भार कोपराला दुमडायला बघतो, ट्रायसेप्स कामाला लागतो आणि थोपवलं जाण्याची पाळी बायसेप्सवर येते.

हा अवरोध अटळ मात्र नाही. मेंदूला वाटलं तर तो त्या मधल्या पेशींनाच आवरतो आणि दोन्ही बाजूंना एकदम कामाला लावतो. काठोकाठ भरलेला पेला घेऊन चालताना, निसरड्या शेवाळावर पाय टाकताना, वजन किती असेल याचा अंदाज नसलेलं खोकं उचलताना हे घडतं. तेव्हा शक्तीची उधळपट्टी परवडते, कारण सांधा घट्ट राहणं जास्त महत्त्वाचं असतं. हालचाल फार वेगाची असली तरीही चित्र बदलतं. हात झटक्यात दुमडला तर ईएमजीवर आधी बायसेप्सचा एक झटका दिसतो, मग ब्रेक लावणारा ट्रायसेप्सचा, आणि शेवटी हात जागेवर स्थिरावणारा पुन्हा बायसेप्सचा. ट्रायसेप्स इथेही थोपवला जातो, पण नेमक्या क्षणापुरता, आणि मग लगेच मोकळा सोडला जातो.

नवशिक्याचा कर्ल याच कारणाने अवघड असतो. हालचाल अनोळखी असते, मेंदू सावध असतो, म्हणून तो दोन्ही बाजू ताणून धरतो. हात थरथरतो, खांदे कानांकडे चढतात, मानेचे स्नायूही ताठतात. सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत वजन झपाट्याने वाढवता येतं, आणि दंडाचा घेर मात्र टेपवर तसाच राहतो. त्या वाढीचा मोठा भाग चेतासंस्थेचा असतो. बायसेप्सला चेतवणं सुधारतं आणि ट्रायसेप्सचं नाहक आखडणं कमी होतं. वजन झेपत नसेल तर तेही याच खुणांवरून कळतं. बोटांखाली ट्रायसेप्स कडक लागायला लागला आणि कंबर मागे झुकायला लागली, की समजावं डंबेल जड आहे. दोन किलो कमी करून पुन्हा पाहावं.

आता ताण घेण्याकडे, म्हणजे स्ट्रेचिंगकडे वळू. ताणाच्या व्यायामांत परस्पर अवरोधाचं नाव कर्लपेक्षाही जास्त घेतलं जातं. पश्चिमोत्तानासनाचं उदाहरण घेऊ. पाय पसरून बसायचं आणि कंबरेतून पुढे वाकायचं. बहुतेकांना अडवतात ते मांडीमागचे हॅमस्ट्रिंग. हिसके देत वाकलं तर स्पिंडल त्या वेगाला लगेच उत्तर देतात आणि हॅमस्ट्रिंग आखडतात. त्याच वेळी अवरोध उलट्या दिशेने, क्वाड्रिसेप्सवर, चालतो, म्हणजे गुडघे सरळ ठेवणाराच ढिला पडतो. पायांची बोटं गाठायच्या घाईत हिसके देणाऱ्याचे गुडघे वर उचलले जातात, त्यात या प्रतिक्षिप्त क्रियेचाही वाटा असतो. सावकाश वाकलं की स्पिंडल बरेचसे शांत राहतात.

पुष्कळ योगशिक्षक पुढे वाकताना मांडीचा पुढचा भाग घट्ट करायला सांगतात. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेत उभ्या आसनांतही गुडघ्याच्या वाट्या वर ओढून धरायला शिकवतात. त्यामागचं कारण आजकाल असं सांगितलं जातं की क्वाड्रिसेप्स आखडला की परस्पर अवरोधाने हॅमस्ट्रिंग सैल होतात, आणि म्हणून ते जास्त ताणता येतात. फिजिओथेरपीतल्या पीएनएफ या पद्धतीतही हेच कारण दिलं जातं. अमेरिकेत १९४० च्या दशकात हर्मन कॅबट या डॉक्टरने पोलिओसारख्या आजारांच्या रुग्णांसाठी ती पद्धत मांडली, आणि तिचा पाया शेरिंग्टनच्याच कामावर घातला.

पीएनएफचा एक प्रकार असा. उताणं झोपून एक पाय गुडघ्यात सरळ ठेवून वर उचलायचा. सोबत्याने तो टाचेशी धरून, मांडीमागे ताण जाणवेल तिथवर न्यायचा. मग पाच-सहा सेकंद सोबत्याच्या हाताला टाचेने खाली दाबायचं, पूर्ण जोराने नाही, अर्ध्याच जोराने. त्यानंतर सोडायचं आणि आता स्वतःच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंनी पाय आणखी वर ओढायचा. पाय खरोखरच आधीपेक्षा वर जातो, पहिल्याच फेरीत. याची कुणालाही खात्री करून घेता येईल.

पण तो वर का जातो? १९८० मध्ये मूर आणि हटन या संशोधकांनी या ताणांच्या वेळी हॅमस्ट्रिंगवर ईएमजी लावून पाहिला. शेवटी पाय स्वतः ओढण्याच्या प्रकारात पाय सर्वांत जास्त वर गेला. हॅमस्ट्रिंग त्या वेळी सर्वांत शांत असायला हवे होते, पण उलट त्यांच्यातली विद्युत हालचाल साध्या, सावकाश ताणापेक्षा जास्त दिसली. नंतरच्या काही अभ्यासांतही असंच आढळलं. म्हणजे सांध्याच्या टोकाशी पाय जोराने ओढताना मेंदू अवरोध ढिला करून दोन्ही बाजू एकदम चालू ठेवत होता, अनोळखी खोकं उचलताना ठेवतो तसंच.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. सावकाश, आरामात ताणल्या जाणाऱ्या स्नायूत मुळात विद्युत हालचाल नसतेच म्हटलं तरी चालेल. स्नायू आखडून पाय अडवत नसेल तर त्याला थोपवून मिळणार काय? तिथे पाय अडतो तो स्नायूच्या आणि त्याभोवतीच्या ऊतींच्या लवचिक विरोधाने, आणि त्याहीपेक्षा, ताण सहन होईना झाल्यामुळे. १९९६ मध्ये मॅग्नुसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही आठवडे हॅमस्ट्रिंग ताणणाऱ्यांच्या चाचण्या घेतल्या. सरावानंतर त्यांचा पाय जास्त वर जाऊ लागला, पण ठरावीक कोनात स्नायू देत असलेला विरोध मात्र पूर्वीएवढाच होता. बदललं ते एवढंच की अधिक ताण त्यांना सोसवत होता. पीएनएफमध्ये टाच दाबणं आणि पाय ओढणं यांनीही तेच साधत असावं, असं या विषयातले बरेच अभ्यासक आज मानतात. ताणताना स्वतः जोर लावला की मेंदू तो ताण अधिक सहजपणे सोसू देतो.

मांडी घट्ट करण्याची सूचना यामुळे निरर्थक ठरत नाही. तिने गुडघा जागेवर राहतो आणि वाकण्याचं काम कंबरेऐवजी खुब्यातून होतं. या दोन्ही गोष्टी पश्चिमोत्तानासनात मोलाच्या आहेत. मात्र त्यामुळे हॅमस्ट्रिंगचं कुलूप उघडतं, या भरवशावर आणखी जोर करणं धोक्याचं आहे. ताण मांडीच्या मागे, मध्यावर जाणवायला हवा. तो गुडघ्याच्या मागे किंवा पोटरीत उतरला, मुंग्या येऊ लागल्या किंवा हनुवटी छातीकडे नेली की वाढला, तर ताणली जाते आहे ती बहुधा चेता. चेतेला ताणून धरण्यात फायदा नाही. तिथे दोन बोटं मागे यावं, गुडघा किंचित दुमडावा.

आखडलेल्या स्नायूवर हा अवरोध खरंच उपयोगी पडतो ती जागा निराळी आहे. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा पोटरीच्या चेतापेशी विनाकारण भराभर पेटत असतात, म्हणजे थोपवण्यासारखं काहीतरी तिथे असतं. अशा वेळी गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःच्या ताकदीने नडगीकडे ओढावीत. नडगीच्या बाजूचा स्नायू जोराने आखडतो, त्याच्याबरोबर पोटरीकडे ‘सोड’ अशी सूचना जाते, आणि पोटरी ताणली जाते तीही बरोबरीने. बोटं ओढायला बळ अपुरं पडलं तर टॉवेल तळपायाखालून घेऊन दोन्ही हातांनी ओढावा. गोळा सुटला तरी बोटं वरच धरून ठेवावीत, निदान अर्धा मिनिट. लगेच पाय खाली टेकवून पंजा ताणला तर पोटरी आखूड होते आणि गोळा तिथेच परत येतो.